सत्तू: मैदानावर जाण्याआधी की आल्यावर?

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, वजन ५८ किलो. फोंड्यात फुटबॉल खेळतो, संध्याकाळी पाच ते साडेसहा सराव असतो. टीममधल्या एका बिहारी मित्राचं ऐकून त्याने सत्तू सुरू केलं. साडेचारला मोठा ग्लास पिऊन जातो, पण धावायला लागला की बरगडीखाली कळ येते आणि रात्री पोट गच्च होतं. खिशात फुटाणेही असतात, ते मध्येच खातो. प्रोटीन पावडर आम्हाला परवडत नाही. सत्तू बंद करू का? चालू ठेवायचं तर कधी आणि किती? दुकानात ‘सातूचं पीठ’ आणि ‘सत्तू’ अशी दोन पाकिटं दिसली, त्यात फरक काय?

उत्तर: बंद करू नका, वेळ बदला. साडेचारचा ग्लास साडेसहानंतर गेला की तुमची निम्मी तक्रार मिटेल. उरलेली निम्मी पाकिटात आणि चमच्यात आहे, म्हणून आधी पाकिटाचं बघू.

बिहार-झारखंडकडचं सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, बस्स. आपल्या मराठी घरांतलं सातूचं पीठ वेगळं. त्यात भाजलेले गहू आणि डाळं दळलेलं असतं, वर वेलची, आणि ते गूळ-दूध घालून खायचं. शिवाय मराठीत ‘सातू’ म्हणजे जव या धान्याचंही नाव, म्हणजे गोंधळ पुरता. दोन्ही चांगलीच, पण हिशेब निराळा. १०० ग्रॅम हरभऱ्याच्या सत्तूत साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. गहू जास्त असलेल्या सातूच्या पिठात त्याहून बरीच कमी, आणि आधीच साखर मिसळलेलं पाकीट असेल तर आणखी कमी. हे मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका शिबिरासाठी मी ‘सत्तू आणा’ असं सांगितलं, आलं सातूचं गोड पीठ, आणि पाकिटाची मागची बाजू न वाचता मी आठवडाभर तेच वाटलं. मुलं खूश होती. माझ्या वहीतला प्रथिनांचा आकडा तेवढा खोटा होता. तेव्हा पाकीट उलटं करा. घटकांत फक्त ‘भाजलेला हरभरा’ असायला हवा.

आणखी एक चूक घरात होते: सत्तू संपलं म्हणून डब्यातलं बेसन पाण्यात ढवळायचं. बेसन कच्च्या डाळीचं असतं. ते शिजवूनच खायचं, कारण कच्च्या डाळीत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच निकामी होतात. भट्टीत गरम वाळूवर हरभरा फुटतो तेव्हा नेमकं हेच काम होतं, म्हणून सत्तू नुसतं पाण्यात कालवून पिता येतं. बेसनाला ती सवलत नाही.

आता कळीचं. सत्तू जड आहे, आणि ते जड आहे म्हणूनच शेतावर राबणारा माणूस सकाळी ते पिऊन दुपारपर्यंत तग धरतो. त्यातली तंतुमय द्रव्यं आणि प्रथिनं पोटातून हळूहळू पुढे सरकतात, साखर रक्तात सावकाश येते. दिवसभराच्या कामाला हे उत्तम. पण तुमचा मुलगा साडेचारला पितो आणि पाचला पळतो. पळायला लागलं की शरीर रक्त पायांकडे वळवतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि तिथे तर अर्धा लिटर घट्ट पेय अजून तसंच बसलेलं. पोट भरलेलं असताना धावलं की बरगडीखालची कळ येण्याची शक्यता वाढते, आणि पेय फार गोड असेल तर अजूनच. तो त्यात गूळ किती घालतो, हे विचारून बघा.

रात्रीचं गच्च पोट मात्र या कळीचं भावंड नाही. हरभऱ्यात काही शर्करा अशा असतात की आपल्या लहान आतड्याकडे त्या तोडायची साधनंच नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्याचा वायू होतो, पण काही तासांनी. म्हणून वेळेवरून कारण ओळखता येतं. धावायला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, बरगडीखाली, टोचल्यासारखं दुखलं तर पेय उशिरा किंवा जास्त घेतलं. चार-सहा तासांनी बेंबीखाली फुगलं, गुडगुडलं तर हरभरा एकदम वाढवला. आणि मळमळ, जुलाब झाले तर पीठ किंवा पाणी खराब होतं असं धरा; त्यावर मात्रा कमी-जास्त करण्यात अर्थ नाही, ते पीठ टाकून द्यायचं.

मात्रा म्हणजे किती, हे बहुतेक घरांत कुणी मोजलेलंच नसतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी त्यांच्या घरचाच चमचा घेऊन यायला सांगते. ‘चार चमचे’ या दोन शब्दांत मी ३० ग्रॅमही पाहिले आहेत आणि ७० ग्रॅमही. पोह्याचा चमचा सपाट भरला तर एक वजन, शीग लावून भरला तर जवळजवळ दीडपट ते दुप्पट. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदाच ४० ग्रॅम सत्तू मोजून घ्या, घरी येऊन एका वाटीत ओता, आणि ते जिथवर येतं तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. पुढे तीच वाटी. फुटाण्यांचंही तसंच: त्याची मूठभर म्हणजे साधारण ३० ग्रॅम भरेल, पण एकदा मोजाच.

हे ४० ग्रॅम कुठून आले? सरावानंतर एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ०.३ ग्रॅम प्रथिनं मिळाली तर स्नायूंच्या दुरुस्तीला पुरतात. ५८ किलोला झाले १७ ग्रॅम. ४० ग्रॅम सत्तूत मिळतात आठ-साडेआठ, म्हणजे बरोबर अर्धे. इथे बरीच मुलं सत्तूच दुप्पट करतात आणि रात्री पोट धरून बसतात. त्यापेक्षा पाण्याऐवजी २५० मिली दूध घ्या. दुधातून आणखी आठ येतात, बेरीज जुळते, आणि दुसरंही एक साधतं. हरभऱ्याच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, पण मेथिओनिन तोकडं पडतं. ती उणीव दूध, तांदूळ, गहू भरून काढतात. वरणभातात जो हिशेब आहे तोच हा. ताक घालून प्यायला छान लागतं, पण आपल्याकडचं पातळ ताक म्हणजे एका ग्लासात जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिनं. ताक चवीसाठी, दूध हिशेबासाठी.

व्हे पावडरची बरोबरी होते का? एका ग्लासाची एका ग्लासाशी तुलना केली तर नाही. व्हे लवकर पचतं आणि स्नायू बांधणीला चालना देणारं ल्युसीन त्यात जास्त असतं. पण सतरा वर्षांच्या फुटबॉलपटूचं शरीर एका ग्लासावर घडत नाही, दिवसभराच्या बेरजेवर घडतं. त्याला दिवसाला साधारण ८० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतील. सत्तू-दुधाचे १६, मूठभर फुटाण्यांचे सहा, दुपारी आणि रात्री वरण, बांगड्याचे दोन तुकडे किंवा दोन अंडी, सकाळी दूध किंवा अंडं, एवढ्यात आकडा गाठतो. पैशाचं म्हणाल तर मी ज्या दुकानातून घेते तिथे सुटं सत्तू दीडशे रुपये किलोच्या आसपास मिळतं. किलोत दोनशे ग्रॅम प्रथिनं धरली तर ग्रॅममागे पाऊण रुपया. साठ रुपये लिटरच्या दुधाला तोच हिशेब लावला तर पावणेदोन-दोन रुपये पडतात, आणि पावडर बहुधा याहून वरच. तुमच्या दुकानातला भाव घालून गणित करून बघा, सत्तू-फुटाण्यांच्या खाली फारसं काही जात नाही.

तुमच्या मुलाची एक संध्याकाळ मी अशी लावीन.

दुपारी एकला जेवण, नेहमीचं. शीतकडी, हुमण, जे असेल ते. शाळा-कॉलेजमुळे जेवण बाराला होत असेल आणि पाचपर्यंत भूक लागत असेल तर तीनला काहीतरी द्या. इथे सत्तू चालेल, पण २० ते २५ ग्रॅमच, ३०० मिली पाण्यात पातळ करून, किंचित मीठ आणि लिंबू घालून. दोन तास मिळाले की पोट मोकळं होतं. तीनला घरी नसेल तर सत्तूचा नाद सोडा. चारला एक-दोन केळी खाल्ली तरी भागतं, आणि केळं पोटात फार रेंगाळत नाही. साडेचारनंतर फक्त पाणी, घोट घोट.

सरावात फुटाणे नकोत. हा फुटाण्यांचा दोष नाही. तोंड कोरडं, श्वास फुललेला, आणि दाताखाली भुगा होणारा कोरडा पदार्थ: ठसका लागायला एवढं पुरे. ऊर्जा म्हणूनही ते त्या क्षणी उपयोगाचे नाहीत, पचून रक्तात यायच्या आत सराव संपलेला असतो. दीड तासाच्या सरावाला पाणी लागतं, आणि गोव्याच्या दमट हवेत थोडं मीठ. घाम इथे अंगावरून वाळत नाही, नुसता गळतो, म्हणून शरीर थंड व्हायच्या ऐवजी अजून घाम काढत राहतं. एप्रिल-मेमध्ये तासाला लिटरभर घाम जाणं यात नवल नाही. घरच्या कोकम सरबतात लिटरला पाव चहाचा चमचा मीठ आणि तीन-चार चमचे साखर, हे त्याच्या बाटलीत भरा. किती घाम जातो ते बघायचं तर सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, अधिक मध्ये प्यायलेलं. हे एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात केलं की पुरे.

साडेसहाला शिटी वाजली की फुटाण्यांची पाळी. मूठभर फुटाणे, एक खडा गूळ किंवा एक केळं, आणि पाणी. जत्रेत मिळतात ते हळद-मिठाचे चणे यावेळी बेस्ट, कारण गेलेलं मीठ थोडंफार परत येतं. (जत्रेतलं खाजें मात्र यात धरू नका. बेसनाचंच असलं तरी ते तळून गुळात घोळलेलं असतं. ते खायचं ते खाजें म्हणून.) गुळाचा खडा मी हौसेने सांगत नाही. दीड तास पळाल्यावर स्नायूंतला साखरेचा साठा उतरलेला असतो, आणि हरभरा तो सावकाशच भरतो. केळं आणि गूळ ते काम लवकर करतात.

सव्वासातला घरी आल्यावर सत्तू-दूध. ४० ग्रॅम सत्तू आधी दोन-तीन चमचे गार दुधात घोटून लगदा करायचा, मग बाकीचं दूध ओतून रवीने घुसळायचं. उलट केलं, म्हणजे भरल्या ग्लासात पीठ टाकलं, की गोळ्या होतात, आत कोरडं पीठ राहतं आणि मुलगा म्हणतो ‘नको मला’. गूळ घालायचा तर गार दुधात, नाहीतर दूध फाटू शकतं. लिंबू घालायचं असेल तर दुधाऐवजी पाणी. ग्लास लगेच संपवायचा, कारण पीठ खाली बसतं आणि फुगतं. तळाशी राहिलेल्या गाळातही प्रथिनं असतात आणि तीच बेसिनमध्ये जातात. कालवल्यावर न उकळता प्यायचं पेय आहे हे, तेव्हा दूध आधी तापवून गार केलेलं, आणि पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. आणि वर नऊला जेवण हवंच, ग्लास म्हणजे जेवण नव्हे.

पहिला आठवडा ४० ग्रॅमवर उडी मारू नका, तो आत्ता किती घेतो ते मोजा आणि २० वर या. पोट शांत असेल तर पाच-पाच ग्रॅमने वाढवा. दहा-पंधरा दिवसांत आतडी बरीच सरावतात. तरीही फुगत असेल तर पीठ बदला, आणि हे घरीच करता येतं. बाजारातल्या सत्तूत कधीकधी सालंही दळलेली असतात. त्याऐवजी सोललेलं डाळं, चिवड्यात घालतो ते, पाव किलो आणा. मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, पूर्ण गार होऊ द्या, मग मिक्सरवर थांबत थांबत दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. सलग दळलं तर भांडं तापतं आणि पिठाला तेलकट वास येतो. सालं गेल्यामुळे तंतू कमी होतात, पेय गुळगुळीत होतं, पोटाला हलकं जातं. बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या माणसाला मी सालीचंच देते, खेळाडूला सरावाच्या दिवशी डाळ्याचं.

पाव किलोच का म्हटलं? आपली हवा. जून ते सप्टेंबर सत्तूचा डबा म्हणजे जिवंत प्राणी समजा. भाजलेलं पीठ दमटपणा ओढून घेतं. ओला चमचा गेला की दोन दिवसांत ढेकळं, मग बुरशी. पिठात पाच-सहा टक्के स्निग्धांश असतो, तो जुना झाला की खवट होतो. ताज्या सत्तूला भाजक्या चण्याचा गोडसर वास येतो; नाकाशी धरल्यावर जुन्या तेलाची आठवण झाली, जिभेवर मागाहून कडवट लागलं, किंवा डब्याच्या कडेला बारीक जाळी दिसली, की ते पीठ भाजून वाचवायच्या भानगडीत पडू नका. फुटाणे घेताना रंगही बघा. भाजलेला चणा फिकट, डाग पडलेला असतो. सगळे एकसारखे झगझगीत पिवळे दिसले आणि बोटाला रंग लागला तर ते दुकान सोडा. हळदीचे चणेही पिवळे असतात, पण त्यांना हळदीचा वास असतो.

आणि कालवलेलं सत्तू बाटलीत भरून मैदानावर नेऊ नका. हे मी स्वतःवर करून पाहिलेलं आहे. मिरामारला सकाळच्या धावण्यानंतर प्यायचं म्हणून पहाटे साडेचारला कालवून गाडीत ठेवलं, नंतर गप्पांत वेळ गेला, दहाला बाटली उघडली तर बूच फस्सकन उडालं. आंबलं होतं. चवीला मला ते थोडं आवडलंही, दुपारी त्याची किंमत मोजली. मुलाला न्यायचंच असेल तर बाटलीत कोरडं पीठ, वेगळ्या बाटलीत पाणी, आणि प्यायच्या क्षणी दोन्ही एकत्र.

दोन जणांना मी हे सगळं सांगत नाही. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे, त्याची प्रथिनं आणि पोटॅशियम डॉक्टर ठरवतात. आणि ज्याला डाळी-हरभरा खाल्ल्यावर ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, त्याने मात्रा कमी करून बघण्याचा प्रयोगही करू नये. तुमच्या मुलाची बरगडीखालची कळ सत्तूची वेळ बदलून पंधरा दिवसांनीही तशीच येत राहिली, किंवा न धावता येऊ लागली, तर ती जेवणाची गोष्ट नाही, डॉक्टरांना दाखवा.

सामन्याच्या दिवसाचं तुम्ही विचारलं नाही, पण तो विचारेलच. दुपारी साडेतीनचा सामना असेल तर त्या दिवशी सत्तू सामना संपेपर्यंत डब्यातच राहू दे. सकाळी नेहमीची न्याहारी, साडेअकरा-बाराला उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत तोंडी लावायला थोडं काहीतरी. दोनला केळं. पेजेत तांदूळ शिजून इतका मऊ झालेला असतो की पोटाला फार काम उरत नाही, पाणी आणि मीठ आपोआप जातं. माझ्याकडची मुलं आधी हसतात, आजीचं जेवण म्हणून. सामना संपल्यावर फुटाण्यांची पुडी कुणाच्या बॅगेत आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं.